साडेतीन माणसं

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका कारखान्याचा ड्यूटी-चार्ट बनवणारं सॉफ्टवेअर लिहायचं काम आलं. काचेचा कारखाना. काच वितळवणारी भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. ती थंड झाली तर आतल्या विटांना तडे जातात आणि काच जागच्या जागी गोठते. म्हणजे दिवाळी असो, बंद असो की मतदान, तिथे चोवीस तास माणूस लागतोच. टाइम ऑफिसमधले साहेब महिन्याचे चार दिवस एक्सेलशी झगडून चार्ट बनवायचे, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी आजारी पडलं की सगळं परत. त्यांची मागणी साधी होती : "नियम तुम्हाला देतो, बटण दाबलं की चार्ट आला पाहिजे."

मी नियम लिहून घेतले. रोज तीन पाळ्या : ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. प्रत्येक जागेवर प्रत्येक पाळीत एक माणूस. माणसाला आठवड्यात सहाच पाळ्या. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास विश्रांती. वर्षाच्या हक्काच्या रजा मिळायला हव्यात. हे सगळं सॉल्व्हरला दिलं, वर्षभराचा चार्ट मागितला, आणि उत्तर आलं :

```
INFEASIBLE
```

म्हणजे असा चार्ट अस्तित्वातच नाही. प्रोग्रॅमला सापडला नाही असा याचा अर्थ नव्हे. शोधायला काही नाहीच, असा आहे. मला आधी वाटलं माझ्याच कोडमध्ये बग असणार. दोन दिवस शोधला. मग वही काढून भागाकार केला आणि लक्षात आलं की बग कारखान्यात होता.

तो भागाकार पाचवीतल्या पोरालाही जमेल. आठवड्याचे तास १६८. कायद्याने एका माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून नव्या श्रमसंहितांपर्यंत हा आकडा हललेला नाही. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसं लागतात. तीन पाळ्या म्हणून तीन माणसं, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हा अर्धा माणूस कुणाला दिसतच नाही. तीन माणसांनी सहा-सहा पाळ्या केल्या तर अठरा होतात. आठवड्यात पाळ्या एकवीस असतात. उरलेल्या तीन कुणाच्या?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे : रिलीव्हर. दोन जागांसाठी सात माणसं ठेवायची. सहा जण नेमाचे आणि सातवा रिलीव्हर, जो या सहांच्या साप्ताहिक सुट्ट्या भरून काढतो. आमच्या कारखान्यात भट्टीचा पॅनेल आणि बॅच हाऊस (जिथे वाळू, सोडा अॅश आणि जुन्या काचेचा चुरा मोजून मिसळतात) या दोन जागांची अशीच जोडी होती. कागदावर गणित अगदी बरोबर. सात गुणिले सहा म्हणजे बेचाळीस पाळ्या, दोन जागांच्या आठवड्याच्या पाळ्याही बेचाळीस. शिल्लक शून्य.

शिल्लक शून्य याचा अर्थ असा की वर्षभरात कुणालाही ताप येता कामा नये, कुणाच्या घरी लग्न निघता कामा नये आणि कुणीही आपली हक्काची रजा घेता कामा नये.

आता रजा धरू. आठवड्याची सुट्टी वजा जाता वर्षात ३१३ दिवस उरतात. पगारी रजा, आजारपण, सणाच्या सुट्ट्या असं मिळून २८ दिवस धरले (हे काही उदार नाही) तर एक माणूस वर्षात २८५ पाळ्या करू शकतो. सात जणांच्या १,९९५. दोन जागांना वर्षात लागतात २,१९०. तूट १९५ पाळ्यांची. ही तूट कशी भरली जाते हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. 'डबल मारून'. ३ वाजता सुटणाऱ्याला सांगायचं, पुढचा आला नाही, तू ११ पर्यंत थांब. १९५ पाळ्या सात जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला २८ येतात. जितक्या रजा घेतल्या तितक्याच डबल. म्हणजे रजा कागदावर मिळाली आणि ओव्हरटाइमच्या रूपात परत काढून घेतली. शिवाय २८ पाळ्या म्हणजे तिमाहीला ५६ तास. फॅक्टरी कायद्याने मुळात तिमाहीला ५० तासांची मर्यादा घातली होती. राज्यांनी ती पुढे वाढवत नेली, आणि ती का वाढवावी लागली असेल याचा अंदाज आता तुम्हाला आला असेल.

सॉल्व्हरला हे एका सेकंदात कळलं होतं. शेड्यूलिंगची सॉफ्टवेअरं विकणारे आम्ही लोक मात्र गिऱ्हाइकाला हे सांगत नाही. आम्ही 'ऑप्टिमायझेशन' हा शब्द वापरतो. साडेतीन माणसांत पावणेचारच्या वरचं काम 'ऑप्टिमाइझ' होत नसतं. ते कुणाच्या तरी अंगावर पडतं आणि चार्टमध्ये दिसेनासं होतं.

पण माणसं कमी आहेत एवढीच तक्रार असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. मला जे नंतर कळलं ते जास्त चिडवणारं होतं. ही साडेतीन माणसांची रचना पाळ्यांचा क्रमसुद्धा उलटा करायला लावते.

आमच्या कारखान्यात दर सोमवारी पाळी बदलायची. क्रम असा : एक आठवडा रात्र, मग दुसरी, मग पहिली, मग परत रात्र. म्हणजे घड्याळाच्या उलट्या दिशेने. हा क्रम शरीराला जड जातो हे आता गुपित राहिलेलं नाही. आपल्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं आपल्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. सुट्टीत तुम्ही आपोआप रात्री दोनपर्यंत जागायला लागता, पण आपोआप नऊला झोपायला लागता का? पाळीचंही तसंच. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून रात्र, अशी पुढे सरकणारी पाळी शरीराला त्यातल्या त्यात सोसते. उलटी पाळी दर आठवड्याला शरीराला न जमणारी गोष्ट करायला सांगते.

अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑग्डेनजवळ खाऱ्या सरोवराच्या पाण्यातून क्षार काढणारा एक कारखाना आहे. तिथले कामगार असेच दर आठवड्याला उलट्या क्रमाने फिरत होते. चार्ल्स झाइस्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे क्रम सुलटा करून पाहिला आणि बदलाचा वेग दर २१ दिवसांवर आणला. कामगारांचं समाधान वाढलं आणि उत्पादनही वाढलं. हे 'सायन्स' या नियतकालिकात १९८२ साली छापून आलंय. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

मग आपण अजून उलटे का फिरतो? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्यापासून असंच आहे." मला हे आळसाचं उत्तर वाटलं. मग मी स्वतः सुलटा क्रम लावून पाहिला आणि माझी जिरली. सोमवारी सगळ्यांची पाळी एकदम पुढे सरकवा. पहिलीवाला रविवारी ३ ला सुटतो, सोमवारी ३ ला दुसरीवर येतो : २४ तास. दुसरीवाला रविवारी ११ ला सुटतो, सोमवारी रात्री ११ ला येतो : २४ तास. छान. आता रात्रपाळीवाला. तो सोमवारी सकाळी ७ ला सुटतो, आणि त्याची नवी पाळी म्हणजे पहिली. ती सुरू होते सोमवारी सकाळी ७ ला.

शून्य तास.

म्हणून उलटा क्रम. उलट्या क्रमात निदान हे अशक्य तरी होत नाही. रात्रपाळीवाला सोमवारी ७ ला सुटून त्याच दिवशी ३ ला दुसरीवर येतो, आठ तासांनी. दुसरीवाला रविवारी रात्री ११ ला सुटून सोमवारी सकाळी ७ ला पहिलीवर हजर, पुन्हा आठ तास. या आठ तासांतच कंपनीच्या बसचा जाऊन-येऊन दोन तासांचा प्रवास, जेवण, अंघोळ आणि झोप. युरोपात दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती कायद्यानेच घालून दिलीय. मी नियमांत जे ११ तास लिहिले होते ते तिथूनच उचललेले, साहेबांनी हसून होकार दिला होता.

साप्ताहिक सुट्ट्या या बदलाच्या दिवशी देता येतील की, असं तुम्ही म्हणाल. सगळ्यांना नाही देता येत, कारण रिलीव्हर एकच आहे. आमच्याकडे तो सोमवार-मंगळवार पहिलीतल्या दोघांना सोडवायचा, बुधवार-गुरुवार दुसरीतल्या, शुक्रवार-शनिवार रात्रीतल्या. आता यातल्या एका माणसाच्या मागे जा. तो पहिलीत असताना सोमवारी सुट्टी घेतो. पुढच्या आठवड्यात रात्रपाळीत जातो, तिथे त्याची सुट्टी शुक्रवारी. मध्ये सलग दहा दिवस काम. कायदा म्हणतो की दहा दिवसांपेक्षा जास्त काळ सुट्टीविना काम करवून घेऊ नये. चार्ट बरोब्बर त्या रेघेवर उभा आहे. कुणीतरी फार विचार करून बसवलाय, यात शंका नाही.

साडेतीन माणसांत सुलटा क्रम अगदीच बसत नाही असंही नाही. मी बसवून पाहिला. तिघांना सोमवार, मंगळवार, बुधवार असं एकापाठोपाठ एक सुट्टी देत पुढे सरकवता येतं. पण मग त्या तिन्ही दिवशी मोकळी राहते ती रात्रपाळी. दुसऱ्या जागेवर उरलेल्या तीन दिवशी तेच. म्हणजे सहा जणांची सोय व्हावी म्हणून सातव्याला जन्मभर रात्रपाळी. मी तो चार्ट पुसून टाकला.

आता रात्रपाळीच्या सुट्टीबद्दल, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे. फॅक्टरी कायद्याच्या कलम ५७ नुसार रात्रपाळीवाल्याची सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. शनिवारी रात्री ११ ला कामावर गेलात, रविवारी सकाळी ७ ला सुटलात, की सुट्टी सुरू. सोमवारी सकाळी ७ ला सुट्टी संपली. कागदावर रविवार पूर्ण मिळाला. प्रत्यक्षात तुम्ही ८ ला घरी पोचलात, ९ ला झोपलात, २ ला उकाड्याने आणि शेजारच्या टीव्हीने जागे झालात, संध्याकाळी डोकं जड, आणि पहाटे साडेपाचची बस गाठायची म्हणून १० ला परत आडवे. रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप पाच-सहा तासांच्या पुढे सहसा जात नाही, कारण शरीराचं घड्याळ त्या वेळी जागं व्हायला सांगत असतं. ज्या दिवशी रात्रपाळी संपते तो सुट्टीचा दिवस नसतो, वसुलीचा दिवस असतो. तो सुट्टी म्हणून मोजणं म्हणजे दवाखान्यात भरती झालेल्याची ती पिकनिक धरण्यासारखं आहे.

"सात रात्री सलग केल्या की सवय होते," हेही मी बऱ्याच जणांकडून ऐकलं, त्यात रात्रपाळी कधीच न केलेले जास्त होते. शरीराचं घड्याळ सरकतं ते दिवसाला साधारण तासभर, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर. रात्रपाळीवाला सकाळी सुटतो तेव्हा बसच्या खिडकीतून ऊन तोंडावर येतं आणि ते घड्याळाला परत मागे ढकलतं. सात रात्री संपेपर्यंत घड्याळ धड इकडे नाही धड तिकडे, आणि नेमकं तेव्हाच आपण पाळी बदलतो. सात दिवसांचा फेरा हा दोन्हीकडचा तोटा आहे. युटाच्या कारखान्याने फेरा लांबवून २१ दिवसांवर नेला. युरोपातल्या पाळीतज्ज्ञांनी पुढे उलटी वाट धरली : घड्याळ सरकूच द्यायचं नाही, दोन किंवा तीनच रात्री करवून घ्यायच्या आणि ते हलायच्या आत माणसाला परत दिवसात आणायचं. मला दुसरी वाट पटते. लांब फेऱ्यात माणूस तीन आठवडे घरच्यांना दिसत नाही. पण कुठली वाट बरोबर यावर वाद घालायला मी तयार आहे. सात दिवसांच्या उलट्या फेऱ्याच्या बाजूने बोलायला मात्र दोन्हीकडचं कुणीच येणार नाही.

हे सगळं मला खरं तर रिलीव्हर काकांच्या चार्टमुळे कळलं. पॅनेल आणि बॅच हाऊस या जोडीचे रिलीव्हर पन्नाशीचे होते. सगळा प्लांट त्यांची कीव करायचा, "बिचाऱ्याचं कशातच काही ठरलेलं नसतं" म्हणून. त्यांचा आठवडा पाहा : पहिली पहिली, दुसरी दुसरी, रात्र रात्र, सुट्टी. सुलटा क्रम. दोनच रात्री. ज्याची कीव करतात त्याच्याच वाट्याला जगातल्या चांगल्यात चांगल्या क्रमाच्या सगळ्यात जवळचा क्रम आला होता, केवळ योगायोगाने. त्यात खोट एकच, शेवटी. रात्र संपल्यावर चोवीस तासांत परत पहिली. तिथे आणखी एक दिवस घाला, म्हणजे दोन-दोन-दोन आणि दोन सुट्ट्या, की तो आठ दिवसांचा फेरा होतो. एक फेरा चार तुकड्यांना दोन-दोन दिवसांच्या अंतराने लावला की रोज तिन्ही पाळ्या भरतात आणि एक तुकडी सुट्टीवर असते. आठवड्याला सरासरी ४२ तास. जगभर हा क्रम वापरात आहे. त्यासाठी लागतो साडेतीनाच्या जागी चौथा माणूस. दोन जागांमागे फक्त एक जण जास्त.

आठ दिवसांच्या फेऱ्यात एक अडचण आहे. आठवडा सात दिवसांचा असल्याने सुट्टी दरवेळी एक वार पुढे सरकते, आणि पूर्ण मोकळा रविवार आठ आठवड्यांतून एकदाच येतो. म्हणून मी त्याचं दुसरं रूप निवडलं, दोन-दोन-तीन. चार आठवड्यांचा फेरा, सोमवारपासून रविवारपर्यंत :

```
सो  मं  बु  गु  शु  श  र
प   प   दु  दु  रा  रा  रा
सु  सु  प   प   दु  दु  दु
रा  रा  सु  सु  प   प   प
दु  दु  रा  रा  सु  सु  सु
```

हे दोन तऱ्हेने वाचता येतं. एका माणसाचे चार आठवडे म्हणून ओळीने खाली वाचा, किंवा एका आठवड्यातल्या चार तुकड्या म्हणून उभं वाचा. कुठलाही वार घ्या, त्या स्तंभात पहिली, दुसरी, रात्र आणि सुट्टी एकेकदाच आहे, म्हणजे काहीही रिकामं राहत नाही. क्रम सगळीकडे सुलटा. पाळी बदलताना किमान २४ तास मिळतात. रात्रपाळीनंतर दोनदा ४८ तास, आणि चौथ्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी सुटलात की थेट सोमवारी सकाळी, ७२ तास. त्यात अख्खा शनिवार-रविवार.

पहिल्या ओळीत सात दिवसांच्या सात पाळ्या दिसतात, म्हणजे ५६ तास, कायदा मोडला, असं आमच्या साहेबांनी लगेच पकडलं. मीही दचकलो होतो. पण फॅक्टरी कायद्याचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. तो शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो, आणि रात्रपाळीचे मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजतात. रविवार ते शनिवार मोजून पाहा. आधीच्या फेऱ्याचा शेवटचा रविवार सुट्टीचा, मग सहा पाळ्या : ४८ तास. पुढचे तीन आठवडे पाच-पाच पाळ्यांचे : ४०, ४०, ४०. मर्यादेत. सलग कामाचे दिवस जास्तीत जास्त सात. सात काही कमी नाहीत, हे मान्य. आत्ताचे दहा आहेत.

आता खर्च, कारण इथेच चर्चा थांबवली जाते. चौथी तुकडी म्हणजे चैन, असं गृहीत धरलेलं असतं. दोन जागांचा हिशेब करू. सध्या १९५ पाळ्या ओव्हरटाइमच्या. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, म्हणजे ३९० दिवसांची मजुरी. आठवा माणूस घेतला तर त्याची वर्षाची मजुरी ३१३ दिवसांची. त्यावर पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी वगैरे पाव हिस्सा धरा, तर झाले ३९१. फरक एका दिवसाचा. हे माझे गोल आकडे आहेत, तुमच्या कारखान्यात थोडे इकडेतिकडे होतील. पण चैनीचा आणि काटकसरीचा फरक असा नसतो. साडेतीन माणसं जिथे खरंच स्वस्त पडतात तिथे नीट बघा. तिथे एकतर ओव्हरटाइम एकेरी दराने दिला जातो, नाहीतर बदली सुट्टी 'नंतर देऊ' म्हणून वहीत लिहून ठेवलेली असते, नाहीतर रात्री तीनला पॅनेलवर ठेकेदाराचा अशिक्षित पोरगा बसलेला असतो.

मग व्यवस्थापनापेक्षा कठीण विरोध कामगारांकडून आला, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. २८ पाळ्यांचा दुप्पट ओव्हरटाइम म्हणजे वर्षाला ५६ दिवसांची मजुरी. दोन महिन्यांचा पगार. त्यावर कुणाचा घराचा हप्ता चालू आहे, कुणाच्या मुलीची फी. युनियनचे एक कार्यकर्ते मला म्हणाले, "सर, तुमचा चार्ट लय भारी आहे, पण तो खाऊन पोट भरत नाही." आठ माणसं झाली की प्रत्येकाच्या पाळ्या वर्षाला ३१३ वरून २७४ होतात. ३९ दिवस आयुष्यात परत येतात आणि दोन महिन्यांचा पगार जातो. हा सौदा तुम्ही माझ्यापुढे ठेवलात तर घरून काम करणारा मी तो डोळे झाकून घेईन. त्यांनी घ्यावा असं सांगायचा अधिकार मला नाही. चौथी तुकडी आणायची तर मूळ पगार वाढवून आणावी लागेल, आणि ते फुकटात होणार नाही. ४२ तासांत घर चालत नसेल तर तो दोष ४२ तासांचा नाही, पगाराचा आहे. झोप विकून पगार पुरा करायची सोय ठेवणं हा त्यावरचा उपाय असल्याचं व्यवस्थापन आणि युनियन दोघंही इतकी वर्षं धरून चालले आहेत. माझं भांडण दोघांशीही आहे.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर मीही सॉफ्टवेअर विकणाऱ्यांतलाच ठरेन. चार तुकड्यांतही रजा कुणीतरी भरून काढावीच लागते. त्यासाठी वेगळा माणूस नसेल तर फोन येणार सुट्टीवरच्या माणसाला, आणि कुठल्याही सुट्टीत फोन येऊ शकतो म्हटल्यावर ती सुट्टी राहत नाही. म्हणून राखीव दिवस आधीच ठरवायला हवेत. २८ दिवसांत सात सुट्ट्या आहेत. त्यांपैकी दोन, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार आणि तिसऱ्यातला गुरुवार, राखीव. त्या दिवशी बोलावलं तर फक्त पहिल्या पाळीला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच आहे. दोन्ही आठवडे ४० तासांचे असल्याने ४८ च्या आत बसतं. गुरुवारच्या वेळी बदली सुट्टीचा हिशेब मात्र वेगळा जुळवावा लागतो. रात्री अचानक कुणी आलाच नाही तर आधीच्याने चार तास थांबायचं आणि पुढच्याने चार तास लवकर यायचं. सोळा तासांची डबल कुणालाच नाही. बाकी पाच सुट्ट्यांना फोन करायचा नाही. रात्रपाळीवरून सुटलेल्या दिवशी तर मुळीच नाही. हे कोडमध्ये लिहिणं दहा मिनिटांचं काम आहे. सुपरवायझरच्या फोनला ते लागू करणं हे माझ्या कोडच्या बाहेरचं आहे.

आता सगळ्यांना नवा मोह पडलाय तो बारा तासांच्या पाळीचा. "चार दिवस काम, तीन दिवस मजा." चार तुकड्यांत बारा तासांचीही सरासरी ४२ च येते, तेव्हा गणित म्हणून तक्रार नाही. पण बारा तास भट्टीसमोर आणि वर दोन तास बसमध्ये, म्हणजे उरले दहा. शिवाय जिथे साडेतीन माणसांचीच सवय आहे तिथे बारा तास आले की दोन तुकड्यांत भागवायचा विचार फार दूर नसतो.

आमच्या सॉफ्टवेअरचं काय झालं? मुदत जवळ आली होती. गिऱ्हाइकाला चार्ट हवा होता, माणसांची संख्या हा त्यांच्या मते 'आमच्या स्कोपबाहेरचा' विषय होता. तेव्हा मी तेच केलं जे या धंद्यात सगळे करतात. ११ तास विश्रांतीचा नियम कडक होता, तो मी सैल केला. मोडला तर प्रोग्रॅमला दंड बसेल, एवढंच. रजेचंही तसंच. बटण दाबलं, चार्ट आला, पडद्यावर हिरवा. माझ्या प्रोग्रॅममध्ये दंड म्हणजे एक आकडा. तो कुणाच्या झोपेतून वसूल होतो हे चार्टमध्ये कुठेही दिसत नाही. साहेबांचे महिन्यातले चार दिवस वाचले, आणि सॉफ्टवेअर अजून चालू आहे.

दोन-दोन-तीनचा तक्ता मी शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये रिलीव्हर काकांना कागदावर काढून दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षीच्या गणपतीत मला कुठली पाळी, हे आज सांगता येईल?" येईल म्हटलं, आजपासून अठ्ठावीस-अठ्ठावीस मोजत जायचं. भिंतीवर कालनिर्णय होतं. ते उठून त्याच्यासमोर उभे राहिले आणि बोटाने मोजायला लागले.